होसियत ओपाचं नाक आणि भाताची वेळ

आमच्या उज़गेन गावच्या बालवाडीत रोज सकाळी सात वाजता दुधाचे तीन कॅन यायचे आणि त्या तिन्ही कॅनचं भवितव्य आमची स्वयंपाकीण होसियत ओपा, म्हणजे होसियतताई, हिच्या नाकावर ठरायचं. मी तिथली नर्स. नियमाप्रमाणे मुलांच्या ताटात पडणारी प्रत्येक वस्तू आधी स्वयंपाकीण आणि नर्स अशा दोघींनी चाखायची, वास घ्यायचा आणि वहीत सही करायची. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात कॅनचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "आंबलंय. परत पाठवा."

दूध घालणारा तोलिब अका, म्हणजे तोलिबदादा, तिथेच उभा होता. त्याचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्याच्या आईलाच नावं ठेवली.

"आंबलंय? सिस्टर, अहो, तासाभरापूर्वी ही धार काढलीय! गाय अजून दारात उभी आहे, तिला विचारून या!"

होसियत ओपा कणीक तिंबत होती. हात पुसत आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि नाक मात्र चेहऱ्याला न शोभणारं, लांब नि टोकाशी किंचित वाकलेलं. तिने झाकण माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि आतलं रबराचं कडं नखाने खरवडलं. पिवळट, चिकट थर निघाला.

"हे आंबलंय. दूध नाही," ती म्हणाली. "तू झाकणाचा वास घेतलास, पोरी. आणि तोलिब, तू हे कडं काढून कधी धुतलंस?"

"ते निघतं?" तोलिब अकाने विचारलं.

"दात निघतात, ते का नाही निघणार? उद्या हे असंच आलं तर मी दोन्ही काढून दाखवीन."

मग तिने मला दुधाचा वास कसा घ्यायचा ते शिकवलं. झाकण उघडलं की आधी बाजूला व्हायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची. पळीने तळापर्यंत ढवळायचं. थोडंसं दूध प्याल्यात घ्यायचं, प्याला तळहातांत धरून ऊब द्यायची, कारण गार दूध आपला वास लपवतं. वरून हाताने झाकायचं आणि मग एकदाच, बेताचा श्वास. एका कॅननंतर दारात जाऊन बाहेरची हवा घ्यायची, मगच दुसरा. "नाक दमतं," ती म्हणायची. "तिसऱ्या कॅनला ते सगळ्यालाच हो म्हणतं, लग्नातल्या म्हाताऱ्यासारखं." तरीही शंका राहिली तर पळीभर दूध उकळून बघायचं. आंबायला लागलेलं असेल तर फाटतं.

तिचं नाक आमच्या मोहल्ल्यात प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरी रस्सा उरला, दही जुनं झालं, लोण्याला वास यायला लागला, की वाटी घेऊन बाया तिच्या दारात. ती वाटी नाकाखाली धरायची आणि निकाल द्यायची. एका वसंतात दुधाला असा उग्र वास यायला लागला, की आमच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिका इनोबात बाई दोन कॅन मोरीत ओतायला निघाल्या. होसियत ओपाने त्यांचा हात धरला. "बाई, गाय डोंगरावरची रानलसूण खाऊन आलीय. दूध धड आहे, तोंडाला वास येतोय एवढंच. तुम्ही कांदा भरलेली मंती खाऊन येता तेव्हा आम्ही तुम्हाला ओततो का?" तिने पळीभर उकळून दाखवलं, फाटलं नाही. मग झाकण न ठेवता मोठ्या पातेल्यात रटरट उकळलं. वास बराचसा वाफेबरोबर गेला आणि मुलांनी दुधातला भात वाट्या चाटून संपवला.

असं नाक असल्यावर माणसाला थोडा गर्व होणारच. होसियत ओपाला होता. ती उघड मिरवायची नाही, पण कुणी शंका घेतली तर भुवई वर जायची आणि तिथेच राहायची.

तो गर्व उतरला तो तिच्या पुतण्याच्या लग्नात.

जून महिना होता. आमच्याकडे लग्नाचा पलाव, म्हणजे मांस-गाजर घातलेला भात, पुरुषांना पहाटेच्या नमाजानंतर वाढतात, म्हणजे चार-साडेचारला कढई उतरलेली असते. सगळे जेवून गेले तरी बरंच उरलं आणि नेहमीप्रमाणे परातींतून नातेवाइकांत वाटलं गेलं. ओपाच्या वाट्याला एक मोठी परात आली. दिवसभर पाहुण्यांची ये-जा, पलाव कुणी खाल्ला नाही. गार होऊ नये म्हणून तिने ती परात टॉवेलने झाकली आणि वरून गोधडी गुंडाळून ठेवली. संध्याकाळी पाचला गोधडी सोडली. भात अजून कोमट होता.

तिने वास घेतला. हे तिने मला नंतर किती वेळा सांगितलं असेल! "जिरं आलं, मेंढीच्या शेपटीची चरबी आली, गाजराचा गोडवा आला, लसणाचा गड्डा आला. कुठे एक दोरा वाकडा नाही. मी म्हटलं, पहाटेपेक्षा आताच छान लागतोय." तिने तो चांगली वाफ येईपर्यंत गरम केला. ती, तिचा नवरा सोदिक अका आणि जाऊ अशी तिघं जेवली. ओपाच्या मुलीचं डोकं दुखत होतं, तिने नुसता पाव नि खरबुजाची फोड खाल्ली.

सात वाजता, ऊन अजून भिंतीवर होतं तेव्हा, तीच मुलगी मला बोलवायला धावत आली. जाऊन बघते तर अंगणात तिघं तीन दिशांना वाकलेली. सोदिक अका तुतीच्या झाडाला धरून, जाऊबाई नळापाशी, आणि होसियत ओपा पायरीवर बादली घेऊन. ताप कुणालाच नव्हता. पोटात पिळवटून येत होतं आणि ओकारी थांबत नव्हती.

"काय खाल्लंत?" मी विचारलं.

"काकडी," होसियत ओपा म्हणाली आणि बादलीत वाकली. वर आली तेव्हा पुन्हा म्हणाली, "काकडीच असणार. बाजारातली."

"मी काकडी खाल्लीच नाही," नळापाशी बसलेली जाऊ क्षीण आवाजात म्हणाली. "मला सोसत नाही. दहा वर्षं सांगतेय."

"मग पाणी."

"पाणी मी पण प्यायले, आई," मुलगी म्हणाली. ती ठणठणीत उभी होती.

झाडाला धरलेल्या सोदिक अकाने मान न वळवता विचारलं, "होसियत, पलाव सोडून अजून कशाकशाचं नाव घ्यायचं राहिलंय? घेऊन टाक, म्हणजे आम्ही निवांत ओकतो."

मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट देत बसले. अंधार पडायच्या सुमारास ओकारी ओसरली आणि दुसऱ्या दिवशी तिघंही हिंडूफिरू लागली. तेवढ्यावर निभावलं. पण मी तिथून निघताना म्हणाले होते, "ओपा, तो पलावच होता. तुमच्या नाकाची चूक नाही, त्याला वास नसतोच." यातलं पहिलं वाक्य तिने ऐकलं, दुसरं नाही. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. वहीत सही करतानासुद्धा पेन माझ्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची.

चौथ्या दिवशी मुलं झोपलेली असताना ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"दूध बिघडलं तर मला कळतं. रस्सा बिघडला तर कळतं. मग भातच काय असा मोठा लागून गेलाय?"

मला जेवढं शिकवलं होतं तेवढं मी सांगितलं. दूध नासवणारे जंतू आंबट करतात, आणि आंबट नाकाला कळतं. शिवाय ते आंबट बऱ्याचदा निरुपद्रवीही असतं, आपण त्याचंच दही खातो. भातातला जंतू वेगळा. तो तांदळाबरोबर शेतातूनच येतो, बीसारखा कडक कवचात. उकळल्यावर बाकीचे मरतात, हे बी मरत नाही. भात आधणाइतका गरम असतो तोवर ते गप्प असतं. कोमट झाला की जागं होतं, वाढतं आणि भातात विष सोडतं. त्या विषाला ना वास, ना चव. आणि पुन्हा कितीही गरम करा, जंतू मरेल, पण विष तसंच राहतं.

"म्हणजे गोधडी," ती हळूच म्हणाली.

"हो. गोधडीने त्याला दिवसभर ऊब दिली."

"मी माझ्या हाताने पांघरूण घातलं." तिने स्वतःचे तळहात उलटून बघितले. "आणि माझ्या आईनेही घातलं. तिच्या आईनेही. मग ते कसे जगले?"

"दर वेळी होत नाही, ओपा. पन्नास वेळा काही होत नाही. म्हणूनच तर कळत नाही."

तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिचा विश्वास फक्त स्वतः केलेल्यावर बसायचा. दुसऱ्या दिवशी तिने दुपारी बारा वाजता साधा भात शिजवला, एका वाडग्यात काढला, झाकला आणि घरच्या खिडकीत ठेवला. दर दोन तासांनी वास घेतला. दोन वाजता काही नाही. चार वाजता काही नाही. सहाला काही नाही, आठला काही नाही. सकाळी उठून झाकण काढलं तेव्हा कुठे गोडसर, कुबट वास आला आणि बोटाला चिकट तार लागली. तशीच तडक माझ्याकडे आली.

"माझं नाक येतं," ती म्हणाली, "पण दरोड्यानंतर येणाऱ्या पोलिसासारखं येतं."

आणि ती हसली. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात खडू आला. भात, शेवया, उकडलेले बटाटे, कशाचीही कढई विस्तवावरून उतरली की झाकणावर वेळ लिहायची. वाढायचं ते दोन तासांच्या आत, तोपर्यंत मंद आचेवर, हात लावला तर पोळेल इतकं गरम. मोहल्ल्यातल्या बाया वाटी घेऊन आल्या, की ओपा आता वास घेण्याआधी विचारायची, "कधी शिजवलं? कुठे ठेवलं होतं?" काहींना ते आवडलं नाही. "नाक म्हातारं झालं वाटतं," असंही कुणी म्हणालं. ती म्हणाली, "नाक तेच आहे. अक्कल नवीन आहे."

त्यानंतर दोन वर्षांनी मामासोली अकाचं प्रकरण झालं.

मामासोली अका म्हणजे बाजारात गालिच्यांचं मोठं दुकान असलेला माणूस. मनाने दिलदार, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुजबुजला तरी सगळ्यांना ऐकू यायचा. त्याची नात आमच्याकडे होती. सप्टेंबरात त्याला नातू झाला, त्याने पहाटे पलाव घातला, आणि दुपारी साडेबाराला, मुलं हात धुऊन बसत होती तेव्हा, त्याची गाडी फाटकात उभी राहिली. मागचं दार उघडलं. आत हे एवढं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं.

"सगळ्या लेकरांना! माझ्या नातवाच्या नावाने!" तो गरजला.

इनोबात बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे कोबीचं सूप होतं. होसियत ओपा बाहेर आली, मामासोली अकाला सलाम केला, नातवाला दीर्घायुष्य चिंतलं आणि झाकण उचललं. सगळं अंगण त्या वासाने भरून गेलं. मुलं खिडक्यांतून डोकावू लागली.

तिने डोळे मिटून वास घेतला. मग पातेल्याच्या अंगाला हाताची मागची बाजू लावली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी थर्मामीटर दिला. अडतीस अंश.

"अका, विस्तवावरून कधी उतरवला?"

"पहाटे. चारला. का?"

"वास फारच सुंदर आहे," ओपा म्हणाली. "पण लेकरांना नाही देता येणार."

मामासोली अकाला आपण नीट ऐकलं की नाही असं वाटलं असावं.

"काय म्हणालीस?"

"आठ तास झालेत, अका. कोमट आहे. गरम असता तर मी स्वतः वाढला असता. थंडगार असता तरी विचार केला असता. हा मधलाच कोमट वाईट."

"बिघडलाय? वास येतोय का तुला बिघडल्याचा? खरं सांग!"

"नाही येत."

"तुला! तुझ्या नाकाला नाही येत! सगळं उज़गेन तुझ्या नाकाची शपथ घेतं, आणि ते नाक म्हणतंय चांगला आहे!"

"माझ्या नाकाने एकदा माझ्याच नवऱ्याला झाडाला धरून ओकायला लावलंय," ती म्हणाली. "तो मोठा गडी होता, निभावला. ही ऐंशी लेकरं आहेत, तीन-तीन वर्षांची. मी नाकाच्या भरवशावर नाही वाढणार."

"ओपा, थोडासा तरी..." इनोबात बाई मध्येच म्हणाल्या.

"मग वहीत तुम्ही सही करा, बाई. माझी नाही मिळणार."

बाईंनी वहीकडे बघितलं आणि त्या मागे सरल्या. आमच्याकडे दारी आलेलं अन्न परत करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. मामासोली अकाचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा नातीचं नावच काढून नेतो.

ओपाने पटकन त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अका, गाडीत खरबुजं दिसतायत. पाव दिसतोय. मिठाई पण आहे. ती द्या, लेकरं तुमच्या नातवासाठी हात पसरून दुवा देतील. आणि तुम्ही आत या. माझं सूप खा. कोबीचं आहे, पण आत्ता उतरलंय."

त्याने खरबुजं उतरवली. पाव उतरवला. सूप नाही खाल्लं. पातेलं परत गाडीत ठेवून, दार इतक्या जोरात आपटून गेला, की वर्गात दोन बाळं रडायला लागली.

त्या दुपारी भांडी घासताना ओपा म्हणाली, "पन्नासातली ती एक वेळ नसेलही. चांगलाही असेल तो पलाव."

"असेल," मी म्हटलं.

"मग मी एका भल्या माणसाचा अपमान केला."

मी तिने घासलेली पातेली पुसत राहिले.

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. मामासोली अकाने रागारागाने ते पातेलं दुकानात नेलं होतं, गरम करून घेतलं होतं आणि कामगारांना म्हणाला होता, बालवाडीच्या बाईला नको असेल तर आपण खाऊ. चारला जेवले. सहाला दुकानातून मला बोलावणं आलं. सहापैकी चार जण आडवे होते, एक जण तर गुंडाळलेल्या गालिच्यावर, आणि दुसरा त्याला तिथून उठ म्हणून ओरडत होता. मामासोली अका स्वतः कोपऱ्यात, भिंतीला टेकून. मला बघून त्याने डोळे मिटले.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

"अका, सगळ्या बाजाराला कळलंय."

"मग सांग," तो म्हणाला आणि बादली ओढली.

सगळे दोन दिवसांत बरे झाले. ओपाला मी सांगितलं तेव्हा मला वाटलं ती सुस्कारा टाकेल, निदान भुवई तरी उचलेल. तिने फक्त विचारलं, "नातीने तर घरी खाल्ला नव्हता ना?" नव्हता. मग तिने उकळत्या पाण्यात गाजरं टाकली.

मामासोली अकाने माफी मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत. नातीला सोडायला यायचा तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूला बघायचा नाही. असं वर्षभर चाललं.

त्या हिवाळ्यात ओपाला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. महिना झाला, दोन झाले, परत येईना. तिने ते लपवलं नाही. स्वतः इनोबात बाईंकडे गेली आणि म्हणाली, "माझं नाक मेलंय. चाखून आंबट-गोड कळतं, वास कळत नाही. दूध आता सिस्टर बघेल. ठेवायचं तर ठेवा, नाही तर मी घरी जाते." बाईंनी ठेवलं. सकाळी सातला मी प्याला तळहातात धरून उभी राहायची आणि ती शेजारी. "बाहेर जाऊन आलीस का? जा, हवा घेऊन ये. मगच दुसरा." तोलिब अका तिला चिडवायचा, "ओपा, आता तरी सुटलो म्हटलं, तर तुम्ही तुमचं नाक हिच्या तोंडावर बसवलंत!" पूर्वीचं काम तिला जमत नाही याचं तिला दुःख होतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "कणकेचा वास येत नाही याचं होतं. बाकीचं घड्याळ बघतं."

सप्टेंबरात नातू वर्षाचा झाला. त्या सकाळी आठ वाजता बालवाडीच्या फाटकात मामासोली अकाची गाडी उभी राहिली. मागचं दार उघडलं. आत एक कोरी कढई, सरपण, एक पोतं लाल तांदूळ, गाजरं, कांदे, अर्धा मेंढा आणि एक झोपाळलेला आचारी.

"इथेच शिजवा," तो अंगणाच्या मध्यभागी उभा राहून गरजला. "तिच्या डोळ्यांसमोर! बारा वाजता उतरवा, बारा वाजता वाढा. आणि कुणी घड्याळ विसरलं असेल तर माझं घ्या!" त्याने खरोखरच मनगटावरचं घड्याळ काढून होसियत ओपाच्या हातात ठेवलं.

ओपाने ते कानाला लावलं आणि दारातून स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. "चालतंय," ती म्हणाली. "पण चार मिनिटं मागे आहे, अका."

तो हसायला लागला आणि थांबेचना. इनोबात बाई बाहेर आल्या, मुलं बाहेर आली.

दुपारी कढईचं झाकण निघालं तेव्हा वाफ थेट अंगणातल्या वेलीच्या मांडवाला भिडली. आम्ही दोघींनी चाखलं, वहीत सह्या केल्या, काचेच्या बरणीत नियमाप्रमाणे तपासणीसाठी नमुना काढून ठेवला. ऐंशी ताटं भरली. मामासोली अका मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसला आणि नातीच्या शेजारी जेवला.

मी ओपाला विचारलं, "थोडा तरी वास येतोय का?"

तिने ताट तोंडाजवळ नेलं, श्वास घेतला, वाट बघितली.

"नाही गं," ती म्हणाली. "पण वाफ लागतेय नाकाला. गरम आहे." आणि मांडवाच्या सावलीत पायरीवर बसून तिने पहिला घास घेतला.